काविळीच्या साथीत रुग्णव्याख्या कशी लिहावी: संशयित, संभाव्य आणि निश्चित

प्रश्न: "एका निवासी संस्थेत साधारण १,२०० लोक राहतात. तीन आठवड्यांत २३ जणांना कावीळ झाली. ६ रक्ताचे नमुने पाठवले, त्यातले ५ ताज्या संसर्गाच्या हिपॅटायटिस ए आयजीएम चाचणीत पॉझिटिव्ह आले. नुसता ताप-मळमळ असलेलेही बरेच आहेत. साहेब म्हणतात पॉझिटिव्ह आले तेवढेच रुग्ण धरा, सहकारी म्हणतो लक्षणं असलेले सगळे घ्या. जुन्या खानावळीवर संशय आहे, तर 'जुन्या खानावळीत जेवलेला' हे व्याख्येत घालायचं का? आणि तीन पायऱ्या खरंच लागतात का?"

उत्तर:

तुमचे साहेब आणि सहकारी दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघांच्या डोळ्यांसमोरची कामं वेगळी आहेत. साथीत रुग्णव्याख्येकडून, म्हणजे कोणाला रुग्ण मोजायचं हे ठरवणाऱ्या लेखी अटींकडून, आपण तीन कामं करून घेतो. कोणाला वेगळं ठेवायचं आणि कोणाच्या संपर्कातल्यांना लस द्यायची, हे पहिलं. साथ वाढतेय की ओसरतेय हे मोजणं, हे दुसरं. आणि साथ कशामुळे आली हे शोधताना आजारी आणि निरोगी असे दोन गट पाडणं, हे तिसरं. पहिल्या कामाला सैल व्याख्या लागते, तिसऱ्याला घट्ट. दुसऱ्याला कुठलीही चालते, फक्त ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच हवी. एका ओळीच्या व्याख्येतून ही तिन्ही कामं होत नाहीत, म्हणून पायऱ्या करतात. पायऱ्या किती हव्यात, हे तुमच्याकडे चाचणी किती आणि किती लवकर होते यावर अवलंबून आहे. दुसऱ्या दिवशी अहवाल येत असेल आणि सगळ्यांचे नमुने घेणं जमत असेल, तर मधली पायरी जवळपास रिकामीच राहते. तुमच्याकडे २३ पैकी ६ नमुने गेले आहेत, म्हणजे मधल्या पायरीची तुम्हाला चांगलीच गरज आहे.

आधी खानावळीचं सांगतो, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं विश्लेषण वाया जातं. ज्या गोष्टीवर संशय आहे ती व्याख्येत घालायची नाही. व्याख्येतच 'जुन्या खानावळीत जेवलेला' असं लिहिलंत, तर तुमचे सगळे रुग्ण जुन्या खानावळीत जेवलेलेच निघणार, आणि शेवटी "१०० टक्के रुग्ण जुन्या खानावळीतले" हा निष्कर्ष तुम्ही स्वतःच आधी लिहून ठेवलेला असेल. दुसऱ्या खानावळीतला, पण जुन्या खानावळीतून पाणी भरून नेणारा रुग्ण तुमच्या यादीत कधीच येणार नाही. कदाचित खरं कारण सांगणारा माणूस तोच असेल. जागा व्याख्येत हवीच, पण ती संपूर्ण संस्थेएवढी रुंद ठेवा. कोण कुठे जेवलं हा वेगळा प्रश्न आहे. तो रुग्णांना आणि निरोगी माणसांना सारखाच विचारायचा.

आता मूळ वादाकडे. सैल व्याख्येने नेमकं काय बिघडतं आणि घट्ट व्याख्येने काय, हे आकड्यांवर करून पाहिलं की भांडण मिटतं. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. समजा १,२०० पैकी ४०० जण जुन्या खानावळीत जेवतात आणि ८०० इतरत्र. खरा हिपॅटायटिस ए झालेले जुन्या खानावळीत ४८ आहेत, म्हणजे १२ टक्के. इतरत्र १२ आहेत, म्हणजे दीड टक्का. जुन्या खानावळीत जेवणाऱ्यांचा धोका आठपट, हे खरं चित्र.

आता सहकाऱ्याचं ऐकून ताप-मळमळवाले सगळे घेतले. कुठल्याही महिन्यात दहा टक्के लोकांना काही ना काही कारणाने ताप किंवा मळमळ झालेली असते असं धरू. जुन्या खानावळीतल्या उरलेल्या ३५२ जणांतून ३५ आणि इतरत्रच्या ७८८ जणांतून ७९ जण 'रुग्ण' म्हणून आत येतात. मग ४०० मध्ये ८३ आणि ८०० मध्ये ९१, म्हणजे जवळपास २१ टक्के आणि ११ टक्के. आठपट धोका १.८ पटीवर येतो. खरा दोषी स्रोत समोर असूनही तो साधारण, शंकास्पद वाटायला लागतो. खोटे रुग्ण दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात मिसळतात, म्हणून फरक पुसला जातो.

साहेबांचं ऐकलं आणि फक्त पॉझिटिव्ह घेतले, पण नमुने दोन्हीकडच्या निम्म्याच रुग्णांचे झाले, तर जुन्या खानावळीत २४ आणि इतरत्र ६ उरतात. ६ टक्के आणि पाऊण टक्का. गुणोत्तर पुन्हा आठच. निम्मे रुग्ण गमावूनही कारणाचा माग शाबूत राहतो, फक्त संख्या कमी झाल्यामुळे निष्कर्षाची खात्री थोडी ढिली होते. म्हणून स्रोत शोधताना रुग्ण सुटणं परवडतं, खोटे रुग्ण शिरणं परवडत नाही.

पण साहेबांच्या पद्धतीत एक खाच आहे आणि ती प्रत्यक्षात फार वेळा दिसते. सगळ्यांचा संशय जुन्या खानावळीवर असल्यामुळे नमुने घेणारी टीम आधी तिथेच जाते. समजा तिथल्या ४८ पैकी ४० जणांची चाचणी झाली आणि इतरत्रच्या १२ पैकी फक्त ३ जणांची. आता १० टक्के विरुद्ध ०.३७५ टक्के, म्हणजे जवळपास २७ पट. हा आकडा अहवालात फार भरीव दिसतो, पण त्यातला मोठा भाग आपल्या नमुने घेण्याच्या पद्धतीतून आला आहे. 'निश्चित' ही पायरी तेव्हाच निःपक्षपाती असते, जेव्हा कोणाची चाचणी करायची हे संशयित स्रोतावरून ठरत नाही. लक्षणं तीच असतील तर सगळीकडून नमुने त्याच प्रमाणात घ्या. उदाहरणार्थ, कुठल्याही खोलीतला, कुठल्याही खानावळीतला, कावीळ दिसणारा दर तिसरा माणूस.

संसर्ग थांबवण्याचा हिशेब याच्या अगदी उलटा आहे. हिपॅटायटिस ए चा रुग्ण कावीळ दिसण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत सर्वाधिक विषाणू बाहेर टाकत असतो आणि कावीळ आल्यावर साधारण आठवड्याभरात ते प्रमाण खूप कमी होतं. संपर्कातल्या माणसाला प्रतिबंधक लस द्यायची तर संपर्कापासून दोन आठवड्यांच्या आत द्यावी लागते. निश्चित अहवालाची वाट पाहत बसलात तर ही मुदत निघून जाते. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसाला मळमळ आणि भूक मंदावणं एवढंच असेल, तरी त्याला त्या दिवसापासून कामावरून बाजूला करायला हवं. तो पुढे निगेटिव्ह निघाला तर त्याची काही दिवसांची रजा गेली, एवढंच नुकसान. तो पॉझिटिव्ह असूनही भाज्या चिरत राहिला तर पुढच्या महिन्यात दुसरी लाट येईल.

तर कृती संशयितावर, आलेख संशयितापासून पुढच्या सगळ्यांचा, पण पायऱ्या वेगळ्या रंगांत, आणि स्रोताचं विश्लेषण संभाव्य अधिक निश्चित यांच्यावर, असं ठरवून घ्या. ठरवलेलं लिहून ठेवा, म्हणजे रोजच्या बैठकीत तोच वाद पुन्हा होत नाही.

आता व्याख्या लिहू. चार गोष्टी लागतात: लक्षणं, माणूस, जागा, काळ. काळापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण तिथे 'पहिल्या रुग्णाची तारीख' लिहून मोकळे होतात. हिपॅटायटिस ए चा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणांपर्यंतचा काळ, १५ ते ५० दिवस असतो, सरासरी २८ च्या आसपास. तुम्हाला माहीत असलेला पहिला रुग्ण खरोखर पहिला असेलच असं नाही. त्याच्या आधी एखादा स्वयंपाकी किंवा रहिवासी आजारी पडून बरा होऊन गेला असू शकतो. म्हणून पहिल्या ज्ञात रुग्णाच्या लक्षणांच्या तारखेपासून ५० दिवस मागे जा आणि ती सुरुवातीची तारीख धरा. शेवटची तारीख मोकळी ठेवा.

तारीख कसली, हेही ठरवावं लागतं. हिपॅटायटिस ए मध्ये ताप, थकवा, अन्नावरची वासना जाणं हे आधी सुरू होतं आणि कावीळ त्यानंतर काही दिवसांनी दिसते. लघवी गडद झाली तो दिवस लोकांना नेमका आठवतो, कणकण कधी सुरू झाली ते आठवत नाही. दोन्ही तारखा नोंदवा, पण व्याख्येत आणि आलेखात एकच वापरा. मी पहिल्या लक्षणाची तारीख घेतो, कारण कावीळ न झालेल्यांनाही तीच तारीख असते. कोणी निम्म्या रुग्णांची पहिली आणि निम्म्यांची दुसरी घेतली, तर आलेखाचं टोक आठवड्याने सरकतं आणि संसर्ग कधी झाला याचा अंदाज चुकतो.

माणूस आणि जागा यांत नेहमीची चूक म्हणजे 'संस्थेचा रहिवासी' असं लिहिणं. काम करायला येणारे, स्वयंपाकी, सफाई कामगार, पाहुणे, आणि सुटी घेऊन घरी गेलेले, हे सगळे त्यातून निसटतात. अधिशयन काळ इतका लांब असताना घरी गेल्यावर आजारी पडलेले बरेच असणार. म्हणून 'लक्षणं सुरू होण्यापूर्वीच्या ५० दिवसांत संस्थेत किमान एक दिवस राहिलेली, काम केलेली किंवा जेवलेली कोणतीही व्यक्ती' असं लिहा. 'जेवलेली' म्हणजे कुठेही जेवलेली. खानावळीचं नाव नाही.

लक्षणांची भाषा अशी हवी की वैद्यकीय शिक्षण नसलेला, हातात फॉर्म घेऊन खोल्याखोल्यांत फिरणारा माणूसही ती तपासू शकेल आणि दोन माणसांनी तपासलं तरी उत्तर एकच येईल. 'यकृतदाहाची लक्षणे' असं लिहिलं तर दहा जण दहा अर्थ लावतील. डोळ्यांचा पिवळेपणा दिवसाच्या उजेडात, खालची पापणी ओढून बघायचा. पिवळ्या दिव्याखाली सौम्य कावीळ दिसत नाही, आणि संध्याकाळच्या फेरीत तपासलेल्या इमारतीत रुग्ण कमी निघाले तर त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

कावीळ हीच अट ठेवावी का? मोठ्या माणसांची संस्था असेल तर ती बरीच चालते, कारण मोठ्यांमध्ये हिपॅटायटिस ए झालेल्या बहुतेकांना, ७० टक्क्यांहून जास्त जणांना, कावीळ होते. सहा वर्षांखालच्या मुलांत उलट असतं. बहुतेकांना लक्षणंच नसतात आणि कावीळ क्वचित दिसते. संस्थेत कर्मचाऱ्यांची कुटुंबं आणि लहान मुलं राहत असतील, तर कावीळ ही अनिवार्य अट ठेवल्यावर ज्यांच्यामार्फत संसर्ग घरोघरी फिरतो तेच नेमके यादीबाहेर राहतात. रुग्णालयात दाखल झालेल्यांवरून व्याख्या लिहिली की असं होतं. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत हे ठळकपणे दिसलं. त्या वेळच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत तापाबरोबर खोकला किंवा श्वास घ्यायला त्रास अपेक्षित होता. हाँगकाँगच्या एका तपासणी दवाखान्यात ते निकष लावून पाहिले, तेव्हा त्यांची संवेदनशीलता फक्त २६ टक्के आणि विशिष्टता ९६ टक्के निघाली. म्हणजे आजार नसलेले जवळपास सगळे बरोबर वगळले जात होते, पण खऱ्या चार रुग्णांपैकी तिघे निसटत होते. सुरुवातीच्या दिवसांत थंडी-ताप आणि अंगदुखीच जास्त होती; खोकला आणि धाप नंतर येत होती.

हे सगळं धरून तुमच्यासाठी मसुदा असा होईल.

संशयित रुग्ण: ठरवलेल्या तारखेला किंवा त्यानंतर लक्षणं सुरू झालेली, आणि त्यापूर्वीच्या ५० दिवसांत संस्थेत राहिलेली, काम केलेली किंवा जेवलेली कोणतीही व्यक्ती, जिला डोळ्यांत पिवळेपणा किंवा गडद लघवी आहे, किंवा ताप, मळमळ अथवा उलटी, भूक मंदावणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे आणि कामात अडथळा येईल इतका थकवा यांपैकी किमान तीन लक्षणं दोन दिवस किंवा जास्त आहेत.

संभाव्य रुग्ण: संशयित रुग्ण, ज्याला प्रत्यक्ष तपासणीत कावीळ दिसली आहे किंवा रक्तात एसजीपीटी हे यकृताला इजा झाल्यावर वाढणारं विकर २०० युनिट प्रति लिटरपेक्षा जास्त आहे, ज्याच्या आजाराचं दुसरं निदान झालेलं नाही आणि ज्याची आयजीएम चाचणी झालेली नाही किंवा अहवाल यायचा आहे, किंवा संशयित रुग्ण, जो लक्षणांपूर्वी १५ ते ५० दिवसांच्या काळात एखाद्या निश्चित रुग्णाबरोबर, तो रुग्ण विषाणू बाहेर टाकत असताना, एकाच खोलीत किंवा घरात राहिला आहे आणि ज्याची चाचणी झालेली नाही.

निश्चित रुग्ण: संशयित रुग्ण, ज्याचा हिपॅटायटिस ए आयजीएम पॉझिटिव्ह आहे.

रुग्ण नाही: ज्याला दुसरं निदान मिळालं, किंवा ज्याचा नमुना कावीळ दिसू लागल्यानंतर घेतला आणि आयजीएम निगेटिव्ह आला.

यातल्या काही जागी थोडं थांबायला हवं. संशयिताच्या लक्षणांत मी 'तीन लक्षणं, दोन दिवस' ठेवलं आहे. हा आकडा कुठे कोरलेला नाही. एका दिवसाच्या फेरीत पन्नास-साठ खोल्यांमध्ये दोन लक्षणांची आणि तीन लक्षणांची अट लावून बघा. दोनला निम्मी संस्था आत येत असेल तर तीन घ्या. तीनला आधीच माहीत असलेले रुग्ण सुटत असतील तर दोनवर या. तुमचे ५ पॉझिटिव्ह यासाठी हाताशी आहेत. कावीळ दिसण्याआधी त्यांना काय काय होत होतं ते नीट विचारा आणि मसुदा त्यांच्यावर लावून पाहा. पाचपैकी दोघे कावीळ येईपर्यंत संशयितात बसत नसतील, तर लवकर शोधायच्या कामाला ती व्याख्या निकामी आहे.

संभाव्य पायरीतला 'निश्चित रुग्णाबरोबर' हा शब्द सैल करू नका. 'संभाव्य किंवा निश्चित रुग्णाबरोबर' असं लिहिलं की साखळी तयार होते: एक संभाव्य माणूस दुसऱ्याला संभाव्य बनवतो, तो तिसऱ्याला, आणि मूळ माणसाला भलताच आजार निघाला तर अख्खी साखळी कोसळते. १५ ते ५० दिवसांची अटही तितकीच महत्त्वाची. खोलीतले दोघे तीन दिवसांच्या अंतराने आजारी पडले असतील, तर दुसऱ्याला पहिल्याकडून संसर्ग झालेला नाही. दोघांनाही एकाच जागेवरून झाला असण्याची शक्यता जास्त. तो संपर्काच्या कलमाखाली येत नाही. कावीळ असेल तर पहिल्या कलमाखाली येईलच.

पायऱ्यांची नावं सगळीकडे एकाच अर्थाने वापरली जातात असं समजू नका. अमेरिकेत सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या देखरेखीच्या व्याख्येत हिपॅटायटिस ए ची लक्षणं असलेला आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या रुग्णाशी १५ ते ५० दिवसांपूर्वी संपर्क आलेला माणूस थेट निश्चितात धरतात. सार्सच्या सुरुवातीला चाचणीच नव्हती, म्हणून छातीच्या एक्स-रेवर न्यूमोनिया दिसला की संशयिताचा संभाव्य होत असे. इबोलामध्ये संशयित माणूस नमुना घेण्याआधीच दगावला आणि त्याचा निश्चित रुग्णाशी संबंध होता, तर तो संभाव्यात जातो, कारण त्याला मोजलं नाही तर मृत्यूंचा आकडा खोटा कमी होतो. म्हणून तुमच्या अहवालात व्याख्या शब्दशः छापा. नुसतं 'संभाव्य १८' लिहिलं तर दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी त्याची तुलना करता येत नाही.

आयजीएमबद्दल. हिपॅटायटिस ए मध्ये लक्षणं सुरू होताना आयजीएम सहसा पॉझिटिव्ह असतो आणि पुढे काही महिने, सहा महिन्यांपर्यंतही, राहतो. याचे दोन परिणाम. कावीळ असताना घेतलेला निगेटिव्ह नमुना तुम्ही विश्वासाने 'रुग्ण नाही' मध्ये टाकू शकता, पण नुसता ताप असताना पहिल्या एक-दोन दिवसांत घेतलेला निगेटिव्ह नाही. तो माणूस संशयितातच ठेवा आणि आठवड्याने पुन्हा नमुना घ्या. ही काळजी आजारागणिक बदलते. इबोलामध्ये लक्षणांच्या पहिल्या ७२ तासांत घेतलेला निगेटिव्ह पीसीआर पुरेसा धरत नाहीत, पुन्हा करतात. दुसरा परिणाम म्हणजे लक्षणं नसलेल्याचा पॉझिटिव्ह आयजीएम. तो जुन्या संसर्गाचा असू शकतो, खोटा असू शकतो, आणि नुकतीच लस घेतलेल्या काही जणांत तात्पुरता येऊ शकतो. तुम्ही लसीकरण सुरू केलंत आणि मग हौसेने सगळ्यांची चाचणी केलीत, तर लसीने पॉझिटिव्ह झालेले लोक साथीच्या आकड्यात येतील. म्हणून वरच्या मसुद्यात निश्चिताची पहिली अट 'संशयित रुग्ण' अशी आहे. लक्षणं नसलेले पॉझिटिव्ह वेगळ्या रकान्यात ठेवा.

तुमचा सहावा नमुना निगेटिव्ह आला त्याकडे दुर्लक्ष करू नका. तो कावीळ आल्यानंतर घेतला होता का, ते बघा. असेल तर त्याच नमुन्यावर हिपॅटायटिस ई आयजीएम करून घ्या, आणि पाच पॉझिटिव्हपैकी एक-दोघांवरही करा. पाणी सांडपाण्याने दूषित झालेलं असेल तर ए आणि ई दोन्ही एकाच वेळी पसरू शकतात आणि रुग्णाकडे बघून फरक कळत नाही. ई चा अर्थ गर्भवतींसाठी फार वेगळा असतो. त्यांच्यात तो आजार जिवावर बेतू शकतो. दोन्ही निघाले तर दोन निश्चित वर्ग करा, संशयित आणि संभाव्य मात्र एकत्रच ठेवा.

व्याख्या मध्येच बदलावी लागली तर? बदलावी लागतेच, आणि त्यात गैर काही नाही. पटकीसाठी, म्हणजे कॉलऱ्यासाठी, हे आधीपासूनच ठरलेलं आहे. साथ जाहीर झालेली नसलेल्या भागात दोन वर्षांवरील माणसाला पाण्यासारखे जुलाब होऊन शरीरातलं पाणी गंभीर प्रमाणात कमी झालं किंवा तो दगावला तरच संशयित धरतात. साथ जाहीर झाली की पाण्यासारखे जुलाब झालेला कुठल्याही वयाचा माणूस संशयित. साथ नसताना जुलाबाची हजार कारणं असतात, म्हणून अट कडक. साथ सुरू असताना त्याच लक्षणामागे पटकी असण्याची शक्यता कितीतरी वाढलेली असते, म्हणून सैल.

धोका बदलण्यात नाही, जुन्या आकड्यांना नवे आकडे चिकटवण्यात आहे. १२ फेब्रुवारी २०२० ला चीनच्या हुबेई प्रांताने कोविडचे प्रयोगशाळेत सिद्ध न झालेले, पण लक्षणं आणि छातीचं चित्रण यांवरून निदान केलेले रुग्ण मोजायला सुरुवात केली. त्या एका दिवसाच्या नोंदीत १४,८४० नवे रुग्ण आले आणि त्यातले १३,३३२ या नव्या वर्गातले होते. आलेखावर उभी भिंत दिसली. त्या दिवशी संसर्ग वाढलेला नव्हता, मोजणी बदलली होती. वर्ग वेगळा छापलेला होता म्हणूनच वाचणाऱ्याला ते उलगडता आलं.

हे टाळायचा मार्ग लाइन लिस्टमध्ये, म्हणजे दर माणसामागे एक ओळ असलेल्या यादीत, आहे. लाइन लिस्टच्या रकान्यात 'संशयित' किंवा 'संभाव्य' असा निवाडा हाताने भरू नका. प्रत्येक लक्षणाला स्वतंत्र रकाना द्या: ताप हो, नाही, माहीत नाही, गडद लघवी हो, नाही, माहीत नाही, पहिल्या लक्षणाची तारीख, काविळीची तारीख, नमुन्याची तारीख, एसजीपीटीचा आकडा, आयजीएमचा निकाल, निश्चित रुग्णाशी संपर्काच्या तारखा. 'नाही' आणि 'विचारलं नाही' एकच समजले गेले तर सगळं घोटाळ्यात जातं, म्हणून रिकामा रकाना सोडायचा नाही. वर्ग हा रकाना सूत्राने काढायचा. मग व्याख्येची दुसरी आवृत्ती आली की सूत्र बदलायचं, पहिल्या दिवसापासूनचे सगळे रुग्ण नव्याने वर्गात पडतात आणि आलेख पुन्हा एकसंध होतो. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आणि लागू झाल्याची तारीख द्या, आणि जुनं सूत्रही जपून ठेवा. साथीच्या पहिल्या फॉर्ममध्ये एखादं लक्षण विचारलंच नसेल तर मागे जाऊन लावता येत नाही, म्हणून सुरुवातीचा फॉर्म व्याख्येपेक्षा थोडा जास्त विचारणारा असावा.

याच लिस्टवर एक तपासणी दर आठवड्याला करा. चाचणी झालेल्या संभाव्य रुग्णांपैकी किती पॉझिटिव्ह आले ते प्रमाण काढा. दहापैकी आठ-नऊ येत असतील तर चाचणी न झालेल्या संभाव्यांवरही भरवसा ठेवता येतो, आणि सगळ्यांची चाचणी करत बसायची गरज उरत नाही. थोडे नमुने पुरतात. हेच प्रमाण काही आठवड्यांनी दहापैकी चारवर आलं तर ते लक्षण ओळखा: साथ ओसरते आहे आणि व्याख्येत आता दुसरेच आजार जास्त पकडले जात आहेत. त्या टप्प्यावर चाचण्या पुन्हा वाढवायच्या आणि संभाव्यातलं नुसत्या संपर्काचं कलम काढून टाकायचं.

साथ संपल्याचं जाहीर करतानाही कुठली पायरी मोजायची ते आधी ठरवा. शेवटच्या रुग्णानंतर जास्तीत जास्त अधिशयन काळाच्या दुप्पट, म्हणजे इथे १०० दिवस, वाट पाहायची हा सावध हिशेब आहे. पण संशयित मोजलेत तर ते १०० दिवस कधीच पूर्ण होणार नाहीत, कारण ताप-मळमळवाला कोणीतरी रोज असतोच. तो काळ शेवटच्या संभाव्य किंवा निश्चित रुग्णापासून मोजा, आणि त्या दरम्यान येणाऱ्या प्रत्येक संशयिताचा नमुना न चुकता घ्या.